परिपत्रकांतल्या शेवटच्या तारखा कॅलेंडरमध्ये आणताना: प्रकल्प नोंदी

१० जानेवारी २०२६

मी मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या दादर भागातल्या एका महाविद्यालयात तृतीय वर्ष बी.एस्सी.ला आहे. परीक्षा फॉर्म, एटीकेटीचे फॉर्म, पुनर्मूल्यांकन आणि शिष्यवृत्ती या सगळ्यांच्या तारखा आमच्यापर्यंत तीन वाटांनी येतात. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर परिपत्रकांच्या पीडीएफ असतात, महाविद्यालयाच्या पानावर सूचना लागतात आणि विभागाच्या मेलिंग लिस्टवर त्याच सूचनांचे फोटो फिरतात. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी आणि नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल वेगळे बघावे लागतात. वर्गातल्या ज्यांना फी माफीवरच वर्ष काढायचं आहे, त्यांची एक तारीख हुकली तर वर्षभराचा हिशोब कोलमडतो. म्हणून या सगळ्या तारखा एका `.ics` फाइलमध्ये आणायच्या आणि वर्गातल्या कोणालाही ते कॅलेंडर फोनवर दिसावं, एवढंच हे काम आहे.

साधनं सगळी फुकटची आहेत: पायथन, `pdftotext`, चित्रातला मजकूर वाचणारं टेसरॅक्ट, आणि फाइल ठेवायला गिटहब पेजेस. पैसे लागले नाहीत, वेळ मात्र भरपूर गेला. तो कुठे गेला ते खाली आहे.

१५ जानेवारी

पीडीएफमधून मजकूर काढण्यातच पहिला अडथळा आला. इंग्रजी परिपत्रकं `pdftotext -layout` ने नीट निघतात. मराठी परिपत्रकांचे तीन प्रकार सापडले.

काही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेली असतात. पडद्यावर स्वच्छ मराठी दिसतं, पण मजकूर काढला की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ हाती येतो. काही युनिकोडमध्ये असूनही आतला क्रम मोडलेला असतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढली जाते, त्यामुळे पीडीएफ तिला आधी साठवते आणि `अंतिम` चं `अंितम` होतं. मी `अंतिम` शोधत होते आणि प्रोग्राम सांगत होता की अशी सूचनाच नाही. तिसरा प्रकार म्हणजे सहीशिक्क्यानंतर स्कॅन केलेला कागद. त्यात मजकूर नसतोच, फक्त चित्र असतं.

जुन्या फॉन्टचं युनिकोडमध्ये रूपांतर करण्याचा नाद मी लवकरच सोडला. प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा असतो आणि पीडीएफमध्ये फॉन्टचं नावही भलतंच निघू शकतं. आता मराठी पीडीएफ कुठल्याही प्रकारची असो, तिचं चित्र करून वाचते:

```
pdftoppm -r 300 -png suchana.pdf pan
tesseract pan-1.png out -l mar+eng --psm 6
```

`-r 300` च्या खाली गेलं की अनुस्वार आणि मात्रा गळायला लागतात. `--psm 6` म्हणजे सगळं पान मजकुराचा एक सलग ठोकळा समजून वाच. सूचनेत चौकटीचा तक्ता असेल तर याने ओळी जागेवर राहतात. `tesseract-ocr-mar` हे पॅकेज वेगळं टाकावं लागतं, नाहीतर `mar` सापडत नाही अशी चूक येते.

२१ जानेवारी

मेलिंग लिस्ट. महाविद्यालयाच्या खात्यात बाहेरच्या प्रोग्रामला आत सोडत नाहीत, म्हणून त्या लिस्टचे मेल माझ्या खासगी खात्यावर पुढे पाठवायची सोय केली आणि तिथे एक लेबल लावलं. पायथनचं `imaplib` ते लेबल फोल्डरसारखं वाचतं.

मेलमध्ये तारीख क्वचितच पूर्ण लिहिलेली असते. ‘उद्या चारपर्यंत कागद जमा करा’, ‘येत्या शुक्रवारी शेवटचा दिवस’ अशी भाषा असते. मेलच्या `Date` वरून ‘उद्या’ काढणं सोपं आहे, पण पुढे पाठवलेल्या मेलमध्ये ते फसतं. मॅडमनी सोमवारी लिहिलेला मेल वर्गप्रतिनिधीने बुधवारी पुढे पाठवला, तर शीर्षकातली तारीख बुधवारची असते आणि ‘उद्या’ गुरुवार होतो. खरा ‘उद्या’ मंगळवारी होऊन गेलेला असतो.

म्हणून मेलच्या आत पुढे पाठवलेल्या मजकुराची खूण दिसली, की सर्वांत आतल्या मूळ मेलची तारीख धरायची. ती सापडली नाही तर ‘उद्या’, ‘परवा’, ‘येत्या’ असे शब्द असलेला मेल कॅलेंडरमध्ये जाऊ द्यायचा नाही, ‘डोळ्यांनी बघा’ या यादीत टाकायचा. ही यादी पुढच्या कामात मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडली.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून टाकली. मेल वाचण्याचं काम माझ्या लॅपटॉपवरच होईल. गिटहबवर फक्त शीर्षक आणि तारीख जाईल. कोणाचं नाव, अर्ज क्रमांक किंवा मेलचा मजकूर जाणार नाही. शिष्यवृत्तीच्या मेलमध्ये अपूर्ण कागदपत्रं असलेल्या मुलांची यादी जोडलेली असते, त्यात त्यांचा प्रवर्गही लिहिलेला असतो.

४ फेब्रुवारी

काल महाविद्यालयात उन्हाळी सत्राच्या परीक्षा फॉर्मची सूचना लागली. मराठीत, स्कॅन केलेली, खाली शिक्का. त्यात तीन तारखा होत्या:

विलंब शुल्काशिवाय: गुरुवार, दि. १२ फेब्रुवारी २०२६
विलंब शुल्कासह: मंगळवार, दि. १७ फेब्रुवारी २०२६
अतिविलंब शुल्कासह: शुक्रवार, दि. २० फेब्रुवारी २०२६

टेसरॅक्टने दुसरी तारीख `97` वाचली आणि पहिली `१९`. तिसरी बरोबर आली.

`97` का झालं ते कळायला सोपं आहे. `mar+eng` मध्ये दोन्ही लिपी चालू असतात आणि देवनागरी १ चा आकार इंग्रजी 9 च्या जवळ जातो. मग पुढचा ७ ही इंग्रजीच ठरतो. यात पायथन आणखी एक घोळ घालतं. `int("१७")` पायथनमध्ये सरळ 17 देतं, ही सोय छान आहे. पण `int("१9")` सुद्धा काही न बोलता 19 देतं. एकाच आकड्यात दोन लिपी मिसळल्या असतील तर वाचन बिघडलंय, हे तिथेच कळायला हवं. आता असा मिश्र आकडा दिसला की तारीख थेट ‘डोळ्यांनी बघा’ मध्ये जाते.

`97` तसाही अडकला असता, कारण सत्त्याण्णव फेब्रुवारी नसते. `१९` ची गोष्ट गंभीर आहे. आपल्याकडच्या सूचनांमध्ये तारखेआधी वार लिहायची पद्धत आहे, म्हणून मी वार आणि तारीख जुळतात का ते तपासत होते:

```python
import datetime as dt

VAAR = ["सोमवार", "मंगळवार", "बुधवार", "गुरुवार",
        "शुक्रवार", "शनिवार", "रविवार"]

def tapas(d, m, y, vaar):
    try:
        t = dt.date(int(y), int(m), int(d))
    except ValueError:
        return None
    return t if VAAR[t.weekday()] == vaar else None
```

ही चाळणी चांगली आहे. ३ चा ६ झाला, १ चा ९ झाला, दशकाचा आकडा बदलला, तर वार जुळत नाही आणि तारीख अडकते. पण २ चा ९ झाला तर फरक बरोबर सातचा पडतो आणि वार तोच राहतो. १२ फेब्रुवारी २०२६ गुरुवार, १९ फेब्रुवारीही गुरुवारच. चाळणीने ती तारीख बरोबर म्हणून पुढे सोडली.

पकडली गेली ती क्रमामुळे. विलंब शुल्काशिवायची तारीख नेहमी विलंब शुल्काच्या आधी आणि ती अतिविलंबाच्या आधी असायला हवी. पहिली १९ आणि तिसरी २० असं बघताना मधली १७ कुठे बसणार हा प्रश्न लगेच पडतो. शिवाय १९ फेब्रुवारी म्हणजे शिवजयंती. सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी खिडकीवर फॉर्म घ्यायची शेवटची तारीख कोणी ठेवत नाही. म्हणून आणखी दोन तपासण्या वाढवल्या: एकाच सूचनेतल्या टप्प्यांचा क्रम, आणि राज्याच्या सार्वजनिक सुट्ट्यांची यादी. सुट्टी लागली तर तारीख चुकीची ठरत नाही, फक्त डोळ्यांखालून जाते.

हे करून बघणाऱ्यांना एक सांगणं: वार शोधताना `गुरुवार` आणि `गुरूवार` दोन्ही धरा, सूचनांमध्ये दोन्ही येतात. आणि वार लिहिलेलाच नसेल तर ती तारीख तपासून झाली असं समजू नका.

६ फेब्रुवारी

ही तारीख नक्की कोणाची, हा प्रश्न आज परीक्षा विभागाच्या खिडकीवर सुटला. विद्यापीठाच्या परिपत्रकातली फॉर्मची तारीख महाविद्यालयाच्या सूचनेतल्या तारखेपेक्षा पुढची होती. माझ्या कॅलेंडरमध्ये दोन्ही दिसत होत्या आणि पुढची तारीख बघून दोघी मैत्रिणी निवांत होत्या. खिडकीवरच्या मॅडमना विचारलं.

“बाळा, विद्यापीठाची तारीख आमच्यासाठी असते,” त्या म्हणाल्या. “तुमचे फॉर्म आम्ही तपासायचे, फी भरली का बघायची, यादी करायची आणि मग तिकडे कलिन्याला पाठवायची. तू आमची तारीख बघ.”

परिपत्रक पुन्हा वाचलं तर तसंच लिहिलेलं होतं: ‘महाविद्यालयांनी अर्ज सादर करण्याची अंतिम तारीख’. कर्ता वाक्याच्या सुरुवातीला होता आणि माझा प्रोग्राम फक्त ‘अंतिम तारीख’ नंतरचे शब्द उचलत होता. आता प्रत्येक नोंदीत `konasathi` असा रकाना आहे आणि त्यात तीनच शब्द चालतात: विद्यार्थी, महाविद्यालय, विद्यापीठ. कर्ता ठरवता आला नाही तर नोंद अडते. वर्गाच्या कॅलेंडरमध्ये फक्त विद्यार्थ्यांच्या तारखा जातात.

शिष्यवृत्तीत हा रकाना आणखी महत्त्वाचा आहे. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर एका योजनेसमोर विद्यार्थ्याने अर्ज करण्याची, त्रुटी असलेल्या अर्जांच्या पडताळणीची आणि संस्थेच्या पडताळणीची अशा वेगवेगळ्या तारखा असतात. विद्यार्थ्याने अर्ज भरला की आपलं काम संपलं असं वाटतं. पण महाविद्यालयाने त्रुटी काढून अर्ज परत पाठवला तर तो दुरुस्त करून पुन्हा पाठवायचीही मुदत असते, आणि तो परत आलाय हे पोर्टलवर जाऊन बघितल्याशिवाय अनेकदा कळत नाही. म्हणून संस्थेच्या पडताळणीच्या तारखेला मी वगळलं नाही. तिच्या दहा दिवस आधी विद्यार्थ्यांसाठी वेगळी नोंद केली: ‘पोर्टल उघडून अर्जाची स्थिती बघा’. महाडीबीटीवरही अर्ज आधी महाविद्यालयाकडे आणि मग विभागाकडे जातो, म्हणून तिथेही तसंच केलं.

११ फेब्रुवारी

आज मुदतवाढ आली. फॉर्मची विलंब शुल्काशिवायची तारीख १२ वरून बुधवार, १८ फेब्रुवारीला गेली. आपल्याकडे बहुतेक तारखांना कधी ना कधी मुदतवाढ मिळते, त्यामुळे ती नीट हाताळता आली नाही तर या कॅलेंडरवर कोणी विसंबणार नाही.

आधी प्रत्येक नोंदीची ओळख, म्हणजे `UID`, मी सूचनेच्या शीर्षकावरून आणि तारखेवरून तयार करत होते. नवी सूचना ‘...मुदतवाढीबाबत’ अशा वेगळ्या शीर्षकाने आली, तारीखही वेगळी. त्यामुळे कॅलेंडरमध्ये दोन नोंदी उभ्या राहिल्या, १२ ची जुनी आणि १८ ची नवी. बघणाऱ्याला कोणती खरी ते कळेना.

ओळख अशा गोष्टींवरून बनवायला हवी ज्या मुदतवाढीने बदलत नाहीत: कोणती परीक्षा किंवा योजना, कोणतं सत्र, कोणता टप्पा. तारीख ओळखीत येताच कामा नये.

```
UID:tybsc-form-unhali-2026-vilambvina@tarkha
SEQUENCE:1
DTSTART;VALUE=DATE:20260218
DTEND;VALUE=DATE:20260219
```

`SEQUENCE` दर बदलाला एकाने वाढतो. `DTEND` दुसऱ्या दिवसाची आहे कारण पूर्ण दिवसाच्या नोंदीत शेवटची तारीख धरली जात नाही. १९ लिहिलं म्हणजे १८ चा दिवस संपेपर्यंत. वर्णनात मी ‘आधीची तारीख १२ फेब्रुवारी, ११ च्या सूचनेने बदलली’ असं ठेवते, म्हणजे ज्याच्या फोनमध्ये जुन्या सूचनेचा फोटो आहे त्याला फरक का आहे ते समजतं.

कोणती सूचना कोणत्या ओळखीची, हे शीर्षकावरून आपोआप ठरवायचा प्रयत्न मी सोडून दिला. दर सत्राला हातानेच दहा-पंधरा ओळींचा तक्ता लिहिते. तेवढं काम पुरतं.

आजच्या सूचनेत विलंब शुल्काच्या तारखेबद्दल काहीच नव्हतं. १८ तारीख आत गेली आणि क्रमाची तपासणी लगेच अडली, कारण विलंब शुल्क अजून १७ वरच होतं. ज्या दिवशी दंडाशिवाय फॉर्म घेतात त्याच्या आदल्या दिवशी दंडाची मुदत संपणार, हे शक्य नाही. पण ती किती पुढे जाणार हे अंदाजाने लिहायचं नाही असं ठरवलं आणि ती नोंद ‘तारीख कळायची आहे’ अशी ठेवली. दुपारी खिडकीवर विचारलं तेव्हा सोमवार, २३ फेब्रुवारी असं समजलं. पत्रक लागल्यावरच ती तारीख चढवली, आणि २० वरची अतिविलंबाची नोंदही मग ‘तारीख कळायची आहे’ अशी ठेवली.

१३ फेब्रुवारी

सकाळी कॅलेंडरमध्ये फॉर्मची तारीख पुन्हा १२ झाली होती. कोणीतरी ३ फेब्रुवारीची मूळ सूचना ‘अत्यंत महत्त्वाचे’ म्हणून काल रात्री लिस्टवर पुन्हा पाठवली होती. प्रोग्रामच्या दृष्टीने ती शेवटी आलेली, म्हणून तिने मुदतवाढ पुसून टाकली.

म्हणजे कोणती सूचना नवी हे ती हातात कधी पडली यावरून ठरत नाही, तिच्यावर छापलेल्या तारखेवरून ठरतं. सूचनेच्या वरच्या कोपऱ्यात जावक क्रमांक आणि दिनांक असतो. तो आता प्रत्येक नोंदीबरोबर साठवते आणि आधीच्यापेक्षा नंतरचा दिनांक असेल तरच बदल स्वीकारते. दोन्ही एकाच दिवशीचे असतील तर जावक क्रमांक बघते. शुद्धिपत्रक बऱ्याचदा त्याच दिवशी निघतं, तेव्हा हा क्रमांकच कामी येतो. दिनांक वाचता आला नाही, तर नवी नोंद तयार होऊ शकते, पण आधीची बदलू शकत नाही.

२१ फेब्रुवारी

वर्गाला कॅलेंडरचा दुवा दिला. त्यातून लगेच कळलेल्या गोष्टी:

गुगल कॅलेंडरच्या फोनवरच्या ॲपमधून दुवा टाकून कॅलेंडर जोडता येत नाही, संगणकावरच्या ब्राउझरमधून जोडावं लागतं. एकदा जोडलं की फोनवर दिसतं. बदल तिथे यायला बारा तासांपर्यंत किंवा त्याहूनही जास्त वेळ जाऊ शकतो, म्हणून आज रात्रीची तारीख आज दुपारी बदलली तर कॅलेंडरवर भरवसा नाही. तेव्हा लिस्टवर मेल टाकायचा. फाइलमध्ये मी घातलेल्या आठवणीच्या सूचना गुगल धरत नाही, प्रत्येकाने त्या कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये आपापल्या लावाव्या लागतात. मी सगळ्यांना तीन दिवस आधीची आणि आदल्या दिवशीची अशा दोन लावायला सांगितल्या.

दोन मुलांना पोर्टलची एक शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी पहाटे ५:२९ ला दिसत होती. रात्री ११:५९ ही वेळ फाइलमध्ये `235900Z` अशी गेली होती. शेवटचा `Z` म्हणजे युटीसी, आणि आपण साडेपाच तास पुढे. रात्री ११:५९ साठी `182900Z` लिहायला हवं. पोर्टलच्या तारखा मी आता पूर्ण दिवसाच्याच ठेवते, वेळ फक्त खिडकीवरच्या कामाला लावते.

मराठी शीर्षकं मध्येच तुटून चौकोन दिसत होते. `.ics` मध्ये एक ओळ ७५ बाइटपर्यंत ठेवून पुढची खाली घ्यायची असते, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. मी हाताने ओळ तोडत होते, ती चिन्हाच्या मधोमध तुटत होती. `icalendar` ही लायब्ररी घेतल्यावर तो प्रश्न संपला.

८ मार्च

शिष्यवृत्तीच्या नोंदींना मागच्या बाजूने तारखा जोडल्या. अर्जाची तारीख गाठूनही अडकायला होतं ते कागदांमुळे. उत्पन्नाच्या दाखल्यावर तो ३१ मार्चपर्यंत वैध असल्याचं लिहिलेलं असतं. पुढच्या वर्षीचा अर्ज जुन्या दाखल्यावर भरता येत नाही, आणि नवा तहसील कार्यालयातून निघायला वेळ लागतो. म्हणून कॅलेंडरमध्ये १ एप्रिलला ‘उत्पन्नाच्या नव्या दाखल्यासाठी अर्ज करा’ अशी दरवर्षी येणारी नोंद टाकली. ही तारीख कुठल्याच सूचनेत नसते, पण ज्यांना नूतनीकरण करायचं आहे त्यांना इतर बऱ्याच नोंदींपेक्षा ही जास्त उपयोगी आहे.

गिटहबवर ठरावीक वेळी चालणारं काम सार्वजनिक रेपोमध्ये ६० दिवस काहीच हालचाल नसेल तर आपोआप बंद होतं. मे महिन्याच्या सुट्टीत सूचना कमी येतात, बदल होत नाहीत, आणि जूनमध्ये प्रवेश सुरू होतात तेव्हा कॅलेंडर गप्प राहण्याची शक्यता आहे. द्वितीय वर्षाची माझी मावसबहीण हे पुढे चालवणार आहे. तिच्यासाठी रेपोच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय: जूनच्या पहिल्या आठवड्यात ॲक्शन्सच्या पानावर जाऊन काम चालू आहे का ते बघ, वेळ युटीसीत लिही, आणि नव्या सत्राचा ओळखींचा तक्ता पहिली सूचना लागायच्या आधी भर.

हाताने लिहिलेल्या फळ्याचे फोटो अजून टेसरॅक्टला वाचता येत नाहीत. ते मी स्वतः वाचून टाकते, वार आणि क्रमाची तपासणी मात्र त्यांनाही लागू आहे.